गिरवून घेणारी शाळा की खेळवणारी? वडोदऱ्यात बालवाडी निवडताना

दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत फिरलात तर बालवाड्या दोन जातीच्या दिसतील. एकीत ज्युनियर केजीतलं मूल रोज 1 ते 50 गिरवतं आणि आईला वही दाखवली जाते. दुसरीच्या दारावर ‘खेळातून शिक्षण’ अशी रंगीत पाटी असते. पण त्या पाटीमागेही दोन वेगळे प्रकार असू शकतात. कुठे मुलांना खेळण्यांत सोडून बाई रजिस्टर भरत बसतात, तर कुठे बाई काहीतरी ठरवून खेळ मांडतात आणि मुलांसोबत खाली बसतात. म्हणजे निवड दोघांतून नाही, तिघांतून करायची आहे.

बाईंनी ठरवून मांडलेल्या खेळाच्या बाजूने पुरावा बऱ्यापैकी आहे. 2022 मध्ये 39 अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. थेट शिकवण्याच्या तुलनेत अशा खेळाने सुरुवातीचं गणित, आकारांची ओळख आणि एका नियमावरून पटकन दुसऱ्यावर जाणं या गोष्टी जास्त सुधारल्या. गणितातला फरक लहान होता, आकारांतला मोठा.

आकारांचं कारण 2013 च्या एका प्रयोगात दिसतं. चार-पाच वर्षांच्या काही मुलांना त्रिकोण कशाला म्हणतात ते सांगितलं, काहींना आकारांशी मोकळं खेळू दिलं, आणि काहींना ‘यांच्यातलं गुपित शोधू या’ म्हणत मोठ्यांनी प्रश्न विचारत खेळवलं. तिसऱ्या गटातली मुलं लांबुडका, तिरका, टोक खाली असलेला त्रिकोणही ओळखू लागली, आणि आठवड्यानंतरही ते टिकलं होतं. एरवी मुलांना चित्रातला नीट बसलेला त्रिकोणच काय तो त्रिकोण वाटतो.

आकड्यांचं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण ते घरी करून बघता येतं. 2008 मध्ये अमेरिकेत गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एका ओळीत 1 ते 10 आकडे लिहिलेला पट दिला. चकती फिरवली की एक किंवा दोन पडायचं, सोंगटी सरकवताना घरातला आकडा मोठ्याने म्हणायचा. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका, एवढंच. मुलांना आकड्यांचा लहानमोठेपणा स्पष्टपणे जास्त कळू लागला आणि नऊ आठवड्यांनंतरही तो टिकून होता. तसाच पट, पण आकड्यांऐवजी रंगांचा, ज्यांना दिला त्यांच्यात ही सुधारणा झाली नाही. म्हणजे नुसतं ‘खेळवतो’ म्हणून भागत नाही, खेळात काय भरलंय ते बघायला हवं.

खेळतानाची पद्धतही महत्त्वाची. सोंगटी 4 वर आहे आणि दान 2 पडलं, तर मुलाने ‘पाच, सहा’ म्हणायला हवं. बहुतेक मुलं ‘एक, दोन’ म्हणतात. 0 ते 100 च्या पटावर हीच तुलना केली तेव्हा पुढे मोजणाऱ्यांची समज वाढली, दर वेळी एकपासून मोजणाऱ्यांची नाही. आपल्या सापशिडीवर सगळे एकपासूनच मोजतात, शिवाय दर ओळीला दिशा उलटते, म्हणून सुरुवात एका ओळीच्या सरळ पटाने करावी हे बरं.

आता दुसरी बाजू. दिल्लीतल्या बालवाड्यांमध्ये 1,540 मुलांवर झालेला प्रयोग 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. चार महिने गणिती खेळ खेळलेल्या मुलांची संख्येची आणि आकारांची अंतर्ज्ञानी समज वर्षभरानंतरही चांगली होती, पण पहिलीतल्या शाळेच्या गणितात ती मुलं पुढे नव्हती. तेव्हा ‘आमच्याकडची मुलं पहिलीत गणितात पुढे असतात’ असं कुणी सांगितलं तर फारसं मनावर घेऊ नका. सामाजिक विकासाबद्दलची आश्वासनं तर त्याहून सैल असतात. घर-घर, डॉक्टर-डॉक्टर अशा लुटुपुटीच्या खेळांवरचे अभ्यास 2013 मध्ये तपासले गेले, तेव्हा त्या खेळांमुळेच मुलं समजूतदार होतात असं ठामपणे म्हणता येईल इतका भक्कम पुरावा निघाला नाही. मुलं एकत्र खेळण्यात रमतात आणि भांडण सोडवायची संधी मिळते, हे कारण मला पुरेसं वाटतं. पण तो माझा कल आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही.

शाळा बघायला जाल तेव्हा दहा मिनिटं नुसतं बघत बसा. ठोकळे रचणाऱ्या मुलाला बाई ‘छान’ म्हणून पुढे जातात, की ‘हा मनोरा का पडला रे? खाली कुठला ठोकळा ठेवला होतास?’ असं विचारून उत्तराची वाट बघतात? दुसरं दिसलं तर वह्या कमी भरल्या तरी चालतील. बाई लांबच बसलेल्या असतील, तर महागड्या खेळण्यांपेक्षा रोज थोडं शिकवणारी साधी शाळा मी निवडेन.

घाईचं कारणही पूर्वीइतकं राहिलेलं नाही. 2023-24 पासून गुजरातेत पहिलीसाठी 1 जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे साडेतीनच्या मुलाला 50 पर्यंत गिरवायला लावायची गरज नाही. घराजवळ फक्त गिरवून घेणारीच शाळा असेल तर ती घ्या, आणि संध्याकाळी पुठ्ठ्याच्या दहा घरांवर सोंगटी सरकवा. मूल ‘एक, दोन’ म्हणालं तर बोट 4 वर ठेवून विचारा, ‘इथून पुढचं घर कुठलं?’