पॉवर कर्व्ह: सहा महिन्यांच्या वापरानंतर

दोन गटांच्या सरासरीची तुलना, साधी टी-टेस्ट, दोन्ही बाजूंची चाचणी, सार्थकता पातळी ०.०५. पॉवर कर्व्ह सहा महिने वापरला तो याच मांडणीत, त्यामुळे अनुभवही तेवढ्यापुरताच. आडव्या अक्षावर प्रत्येक गटातली माणसं, उभ्या अक्षावर पॉवर, म्हणजे फरक खरोखर असेल तर तो चाचणीत सापडण्याची शक्यता. इफेक्ट साइज, म्हणजे फरक भागिले स्टँडर्ड डेव्हिएशन (एसडी), आणि सार्थकता पातळी बांधून ठेवायची आणि फक्त सॅम्पल साइज सरकवायचा. आर या सॉफ्टवेअरमध्ये वेगळं पॅकेज लागत नाही:

```r
n <- 5:150
p <- sapply(n, function(k)
  power.t.test(n = k, delta = 5, sd = 10,
               sig.level = 0.05)$power)
plot(n, p, type = "l", ylim = c(0, 1))
abline(h = 0.8, lty = 2)
```

इथे रक्तदाबातला ५ मिमी पाऱ्याचा फरक शोधायचा आहे आणि एसडी १० धरलं आहे, म्हणजे इफेक्ट साइज ०.५. रेघ २० माणसांवर ०.३४ ला असते, ४० वर ०.६० ला पोचते, ६४ वर ०.८० ओलांडते आणि १०० वर ०.९४ होते. सुरुवातीला २० माणसं वाढवली की पॉवर ०.२६ ने चढते. १०० वरून १२० वर गेलात तर जेमतेम ०.०३ पदरात पडतात. ०.८० वरून ०.९० वर जायचं तर प्रत्येक गटात ६४ ऐवजी ८६ माणसं लागतात, आणि हा सौदा परवडतो का हे आलेख पाहिल्याशिवाय नीट कळत नाही.

रेघ अशी का वाकते हे एकदा हाताने करून पाहावं, मग सॉफ्टवेअरची भीती जाते. प्रत्येक गटात ६४ असताना फरकाची स्टँडर्ड एरर होते १० × √(२/६४), म्हणजे १.७७. खरा फरक ५, म्हणजे तो शून्यापासून २.८३ स्टँडर्ड एरर दूर. सार्थक ठरायला १.९८ ओलांडावे लागतात. उरतं ०.८५, आणि नॉर्मल वक्राखाली ०.८५ च्या डावीकडचं क्षेत्रफळ ०.८०. माणसं चौपट केली की स्टँडर्ड एरर निम्मी होते, त्यापेक्षा जास्त नाही. त्यात पॉवर १ च्या वर जाऊ शकत नाही, म्हणून वरच्या टोकाला रेघ सपाट पडते.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात महागडी: `power.t.test` मधला `n` हा एका गटाचा असतो. निकालाच्या खाली तशी टीप छापून येते, पण ती वाचतो कोण. ६४ हा एकूण आकडा समजून ३२-३२ माणसं घेतली तर पॉवर उरते ०.५०. नाणं उडवण्याइतकीच. काही सॉफ्टवेअरच्या आलेखात आडव्या अक्षावर एकूण संख्या असते, त्यामुळे दोन ठिकाणचे आलेख ताडून बघताना अक्षाचं नाव आधी वाचावं.

दुसरी तक्रार खरं तर आलेखावर नाही, त्याच्या वापरावर आहे. एकच रेघ काढली की ती फार ठाम वाटते. वरच्या उदाहरणात एसडी १० ऐवजी १२ निघालं, तर त्याच ६४ माणसांवर पॉवर ०.८० वरून ०.६५ च्या आसपास घसरते आणि ०.८० साठी प्रत्येक गटात ९२ माणसं लागतात. फरक तोच ५, पातळी तीच. एसडी लहानशा पायलटमधून आलं असेल तर १० आणि १२ मधला फरक म्हणजे काहीच नाही. इफेक्ट साइजच पायलटमधून उचलणं तर त्याहून वाईट: प्रत्येक गटात १० माणसांच्या पायलटमध्ये ०.५ आला, तर त्याचा ९५ टक्के विश्वासांतर साधारण −०.४ ते १.४ इतका पसरतो. या पट्ट्यातला कुठला आकडा घेऊन कर्व्ह काढायचा?

म्हणून आता एकटी रेघ काढतच नाही. एकाच कागदावर एसडी ८, १०, १२ अशा तीन रेघा काढायच्या, आणि ०.८० च्या आडव्या रेघेवरून खाली उतरण्याऐवजी परवडणाऱ्या माणसांच्या आकड्यावर उभी रेघ टाकायची. ती तिन्ही रेघांना कुठे छेदते ते वाचायचं. ६४ वर हे छेद साधारण ०.९४, ०.८० आणि ०.६५ वर येतात. मार्गदर्शकांपुढे किंवा समितीपुढे ठेवायला हा कागद एकट्या "६४" या आकड्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. `delta` आणि `sd` मूळ एककात दिले तर आणखी एक फायदा होतो: "५ मिमी फरक महत्त्वाचा आहे का?" यावर डॉक्टर बोलू शकतात, "०.५" वर बोलू शकत नाहीत.

गळती धरताना नेहमीची चूक म्हणजे टक्केवारी वर चढवणं. १५ टक्के लोक सोडून जाणार म्हणून ६४ चे १.१५ पट करून ७४ घेतले, तर शेवटी उरतात ६३. भागाकार करायचा: ६४ ÷ ०.८५, म्हणजे ७६. गट असमान असतील तर एकूण आकड्यावर विसंबू नये. ९६ आणि ३२ मिळून १२८ होतात खरे, पण पॉवर मिळते प्रत्येकी ४८ असल्यासारखी, ०.६८ च्या जवळपास.

एक बारीकशी गोष्ट. फरक शून्य दिला तर पॉवर ०.०५ यायला हवी, पण `power.t.test` ०.०२५ दाखवतं. हा बग नव्हे. खऱ्या फरकाच्या उलट दिशेला सार्थक ठरण्याची शक्यता ते मुळात मोजत नाही, `strict = TRUE` दिलं की मोजतं. ६४ माणसांच्या आसपास याने काही बिघडत नाही, इफेक्ट अगदी लहान असेल तेव्हाच जाणवतं.

अभ्यास संपल्यावर मिळालेला इफेक्ट साइज पुन्हा आत घालून पॉवर काढायचा मोह होतो, परीक्षक मागतातही. त्यातून नवं काही कळत नाही. पी-व्हॅल्यू बरोबर ०.०५ आली की ही पॉवर ०.५० च्या आसपासच येते, कारण ती पी-व्हॅल्यूचंच दुसरं रूप असते. त्या जागी विश्वासांतर द्यावा.

टी-टेस्टची गुळगुळीत रेघ पाहून डोळ्यांना जी सवय लागते, ती मोजणीच्या चाचण्यांत दगा देते. एक्झॅक्ट बायनोमियल टेस्ट घ्या: शून्य गृहीतक ०.५, खरं प्रमाण ०.८, एका बाजूची चाचणी, पातळी ०.०५. ५ निरीक्षणांवर पॉवर ०.३३, ६ वर ०.२६, ७ वर ०.२१ आणि ८ वर एकदम ०.५०. माणसं वाढवली आणि पॉवर घटली! पूर्ण आकडेच मोजता येत असल्यामुळे नकाराची सीमा पायऱ्यापायऱ्यांनी सरकते. ५, ६ आणि ७ निरीक्षणांत सगळीच्या सगळी यशस्वी असल्याशिवाय गृहीतक नाकारता येत नाही, ८ मध्ये सात पुरतात. इथे रेघ ०.८० ला पहिल्यांदा शिवते तो आकडा घेऊन थांबू नये. ज्या आकड्यानंतर करवतीचा एकही दाता ०.८० च्या खाली जात नाही, तो शोधावा, आणि त्यासाठी कर्व्ह बराच पुढेपर्यंत काढावा लागतो.