आठ महिन्यांनंतर साप्ताहिक सेक्टर क्रमवारी: चौदाव्या शुक्रवारचा घोळ

सेक्टर फंडांच्या परताव्यावरून दर शनिवारी क्रमवारी लावणारी आणि पहिला नंबर बदलला की मोबाइलवर संदेश पाठवणारी शीट आता आठ महिने चालू आहे. पुण्यातल्या बऱ्याच एसआयपीवाल्यांकडे अशी काहीतरी शीट असते, त्यामुळे 13 आठवड्यांचा परतावा म्हणजे काय वगैरे सांगत बसत नाही. गेल्या महिन्यात तिने 'आयटी पुढे, फार्मा मागे' असा संदेश दिला. त्या आठवड्यात आयटीचा एनएव्ही जागचा हललासुद्धा नव्हता. मग संदेश आला कुठून? हा अनुभव मुख्यतः त्याबद्दलच आहे, कारण बाकी सगळ्या त्रुटी यापुढे किरकोळ आहेत.

आधी मांडणी. नऊ सेक्टर, प्रत्येकासाठी एकच फंड, आणि तोही इंडेक्स फंड किंवा ईटीएफ. सक्रिय सेक्टर फंडाला सेबीच्या नियमानुसार किमान 80 टक्के रक्कम त्या क्षेत्रात ठेवावी लागते. उरलेल्या 20 टक्क्यांत व्यवस्थापक काय करतो तेही परताव्यात मिसळतं, मग सेक्टर मोजला जातो की व्यवस्थापक, हे कळत नाही. ईटीएफ असेल तर बाजारभाव घेऊ नका, एनएव्ही घ्या. डायरेक्ट ग्रोथचाच एनएव्ही घ्या. आयडीसीडब्ल्यू पर्यायात रक्कम वाटली की एनएव्ही तेवढा खाली येतो आणि शीटला ती पडझड वाटते. एनएव्ही अ‍ॅम्फीच्या `NAVAll.txt` मधून येतात, आणि योजना शोधायची ती नावावरून नव्हे, पहिल्या रकान्यातल्या कोडवरून, कारण नावं बदलत राहतात. एनएव्हीशेजारची तारीख तपासणंही सोडू नका. आठ फंडांची तारीख शुक्रवारची आणि नवव्याची गुरुवारची असेल तर नवव्याचा एक दिवस गायब असतो आणि क्रमवारी खोटी ठरते. शुक्रवारी सुट्टी असेल तर सगळ्यांसाठी त्याआधीचा कामकाजाचा दिवस धरायचा.

आता मूळ घोळ. 13 आठवड्यांचा परतावा म्हणजे आजचा एनएव्ही भागिले 13 आठवड्यांपूर्वीचा, वजा 1. या भागाकाराला दोन टोकं आहेत, पण आपली नजर फक्त आजच्या टोकावर असते. दर शुक्रवारी मागचं टोकही एक आठवडा पुढे सरकतं. जुना वाईट आठवडा या 13 आठवड्यांच्या खिडकीतून बाहेर गेला की फंडाने काही न करता त्याचा परतावा फुगतो.

समजायला सोपे आकडे घेऊ. आयटी फंडाचा एनएव्ही 13 आठवड्यांपूर्वी 200 होता, आज 218 आहे, म्हणजे 9 टक्के. फार्मा 40 वरून 44 वर आला, म्हणजे 10 टक्के. फार्मा पहिला. पुढच्या शुक्रवारी आयटी 218 वरच राहिला आणि फार्मा एक टक्का वाढून 44.44 झाला. पण मागचं टोक सरकलं. तेव्हाच्या त्या आठवड्यात आयटी 200 वरून 194 वर घसरला होता, आणि फार्मा 40 वरून 40.40 वर गेला होता. आता आयटीचा परतावा 218 भागिले 194, म्हणजे 12.4 टक्के. फार्माचा 44.44 भागिले 40.40, म्हणजे 10 टक्केच. या आठवड्यात फार्मा वाढला, आयटी जागेवर, आणि शीट सांगते की आयटीने बाजी मारली! नेतृत्व बदललेलं नाही, तीन महिन्यांपूर्वीची एक घसरण फक्त हिशोबातून निघून गेली आहे.

पहिले चार महिने यावर 'सलग दोन शुक्रवार पहिला राहिला तरच संदेश' हा नियम पुरेसा वाटत होता, आणि मित्रमंडळींनाही तोच सांगितला होता. तो सल्ला मागे घेतो. दोन फंड 0.2 टक्क्यांच्या फरकाने आलटून पालटून वरखाली होत असतील तेव्हा हा नियम चांगला चालतो. मागच्या टोकाच्या घोळावर मात्र तो कुचकामी आहे, कारण पडलेला एनएव्ही एका आठवड्यात भरून येत नाही. वरच्याच उदाहरणात त्यापुढच्या शुक्रवारी मागचं टोक आयटीसाठी 195 आणि फार्मासाठी 40.80 असेल, आणि दोन्ही फंड आजच्या जागी थांबले, तर आयटी 11.8 आणि फार्मा 8.9. खोटा नेता दुसऱ्या शुक्रवारीही पहिलाच! नियमाने चूक पकडली नाही, उलट तिच्यावर शिक्का मारला.

उपाय साधा निघाला: 4 आठवड्यांच्या परताव्याची साक्ष. आयटी 4 आठवड्यांपूर्वी 216 होता, म्हणजे 0.9 टक्के. फार्मा 43 होता, म्हणजे 3.3 टक्के. अलीकडचा जोर अजून फार्माकडेच आहे, म्हणून संदेश थांबवायचा. घोळ 4 आठवड्यांच्या खिडकीतही होतो, पण दोन्ही खिडक्यांतून वाईट आठवडा एकाच शुक्रवारी बाहेर पडणं क्वचित घडतं. शीटमध्ये नव्या नेत्याचे 13 आणि 4 आठवड्यांचे परतावे E2 आणि F2 मध्ये, जुन्या नेत्याचे E3 आणि F3 मध्ये ठेवा:

```
=IF(AND(E2-E3>=0.01,F2>F3),"बदल","थांबा")
```

पहिली अट किमान एक टक्का फरक मागते, दुसरी साक्ष मागते. संदेशात फक्त 'बदल' लिहून भागत नाही. खिडकीतून बाहेर गेलेल्या आठवड्याचा आणि नव्याने आलेल्या आठवड्याचा परतावा, हे दोन आकडे नव्या आणि जुन्या अशा दोन्ही नेत्यांचे छापून घ्या. आपल्या उदाहरणात आयटीसमोर 'गेला −3.0, आला 0.0' आणि फार्मासमोर 'गेला +1.0, आला +1.0' असं दिसलं असतं, आणि वाचणाऱ्याला तिथेच कळलं असतं.

या अटीने खरा बदलही कधी दोन-तीन आठवडे उशिरा कळतो. ते मान्य आहे, कारण खोट्या संदेशाची किंमत रुपयांत मोजता येते. एका वर्षाच्या आत 1,10,000 रुपयांचे युनिट विकले, त्यात नफा 10,000. फंडाचा एक्झिट लोड 1 टक्का असेल तर 1,100 रुपये तिथे गेले. उरलेल्या 8,900 वर 20 टक्के अल्पकालीन कर आणि त्यावर 4 टक्के सेस, म्हणजे साधारण 1,850. एका चुकीच्या संदेशावर 2,950 रुपये, नफ्याचा जवळपास तिसरा हिस्सा! लोडची मुदत फंडानुसार वेगळी असते, ती योजनेच्या कागदपत्रात पाहून शीटमध्येच लिहून ठेवा.

एक प्रसंग असाही असतो जिथे ही साक्षसुद्धा जपून वाचावी लागते. 23 मार्च 2020 ला बाजाराने तळ गाठला. जून 2020 च्या उत्तरार्धात 13 आठवड्यांचं मागचं टोक त्या तळाजवळ पोचलं, तेव्हा सगळ्याच सेक्टरचे परतावे एकदम फुगले आणि जो जास्त आपटला होता तो क्रमवारीत वर चढला. अशा वेळी 26 आठवड्यांचा परतावाही शेजारी ठेवा. त्याचं मागचं टोक पडझडीच्या आधीचं असतं, म्हणून आधीचा खड्डा खरंच भरला की नाही हे त्यात दिसतं.

उलट बाजूला, बाजार सरसकट पडत असताना पहिला नंबर उणे 2 टक्क्यांवरही असू शकतो. म्हणून दहावी ओळ लिक्विड फंडाची ठेवली. पहिला सेक्टर तिच्या खाली असेल तर संदेशात सेक्टरचं नावच येत नाही.

हिंजवडीत पगार घेणाऱ्यांनी आयटीच्या ओळीला, आणि चाकण-पिंपरीत काम करणाऱ्यांनी ऑटोच्या ओळीला वरची मर्यादा घालावी. शीटला तुमचा पगार कुठून येतो ते माहीत नसतं, आणि तो सेक्टर मंदावला की पगारवाढ आणि फंड दोन्ही एकदमच अडकतात. त्या ओळीसाठी रकमेचा कमाल हिस्सा आधी ठरवून शीटमध्ये लिहिला की संदेश कितीही जोराचा आला तरी आकडा तिथेच थांबतो.