सव्वापाच रत्तीचा पुष्कराज: तीन खडे, तीन भाव

मावशीच्या मुलासाठी गुरुजींनी चिठ्ठी लिहून दिली होती: पुष्कराज, सव्वापाच रत्ती, सोन्यात, उजव्या हाताच्या तर्जनीत, गुरुवारी सकाळी. मावशी तीन दुकानं फिरली आणि चिठ्ठीमागे भाव उतरवून माझ्याकडे आली. मी खड्यांची निवड करण्याचं काम करते, त्यामुळे घरातले असे प्रश्न शेवटी माझ्याकडेच येतात. रत्न घालावं की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. खड्याने ग्रह सुधारतो का, याचं उत्तर कुठलीही प्रयोगशाळा देत नाही. पण पुडीत नेमका कुठला दगड आहे, त्याचं वजन किती आणि त्यावर काय प्रक्रिया झाली आहे, एवढं मात्र ठरवता येतं. पैसे बुडतात तेही इथेच.

तिने आणलेले भाव असे होते. पहिल्या दुकानात सिलोनी, न तापवलेला पुष्कराज, ४.८२ कॅरेट, ११,००० रुपये कॅरेट, म्हणजे ५३,०२० रुपये. दुसऱ्या दुकानात 'सर्टिफाइड नैसर्गिक' पुष्कराज, सव्वापाच रत्ती, ६,००० रुपये रत्ती, म्हणजे ३१,५००. तिसरीकडे बँकॉकचा पुष्कराज, ४.७५ कॅरेट, २,००० रुपये कॅरेट, म्हणजे ९,५००. मावशीचा कल अर्थातच दुसऱ्याकडे होता. "अगं, नैसर्गिकही आहे, सव्वापाच रत्तीही आहे आणि पहिल्यापेक्षा किती स्वस्त!"

मी तिला आधी रत्तीचा हिशोब मांडून दाखवला.

रत्ती म्हणजे मूळची गुंज, लाल रंगाचं, काळ्या ठिपक्याचं बी. आपल्याकडे सोनं तोळा-मासा-गुंजेत मोजायचे ते हेच: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला, तर त्याच्या ९६ गुंजांपैकी एक भरते १२१.५ मिलिग्रॅम. ही सोनाराची रत्ती. रत्नांच्या बाजारात मात्र बहुतेक ठिकाणी हिच्या दीडपट, म्हणजे साधारण १८२ मिलिग्रॅमची रत्ती चालते. तिला पक्की रत्ती म्हणतात. काही जण सोयीसाठी १८० मिलिग्रॅम धरतात, पण तो फरक किरकोळ आहे. कॅरेट मात्र जगभर एकच, २०० मिलिग्रॅम. म्हणजे पक्की रत्ती ०.९१ कॅरेटची आणि सोनाराची रत्ती जेमतेम ०.६१ कॅरेटची.

आता सव्वापाच रत्ती म्हणजे किती? पक्क्या रत्तीने ४.७८ कॅरेट, सोनाराच्या रत्तीने ३.१९ कॅरेट. दुकानदार भाव सांगताना कुठली रत्ती धरतो आणि वजन करताना कुठली, हे आपण विचारत नाही. तो आपणहून सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्या दुसऱ्या दुकानात गेलो. मी खडा सुटा काट्यावर ठेवायला सांगितला. सोन्याच्या दुकानातला काटा ग्रॅमच्या दशांश चिन्हानंतरचे तीन आकडे दाखवतो, तेवढं पुरतं. आकडा आला ०.६३८. पाचने गुणलं की कॅरेट मिळतात: ३.१९. म्हणजे सव्वापाच रत्ती हे वजन सोनाराच्या रत्तीने सांगितलेलं होतं. बाजारात रत्नांचा भाव ज्या पक्क्या रत्तीवर बोलला जातो, तिने हाच खडा साडेतीन रत्ती भरतो आणि ६,००० च्या दराने त्याची किंमत २१,००० होते. वरचे साडेदहा हजार निव्वळ एका शब्दाचे होते.

मग खरी तुलना मांडली. दोन्ही भाव कॅरेटवर आणले, तर पहिला ११,००० आणि दुसरा ३१,५०० भागिले ३.१९, म्हणजे जवळजवळ ९,९००. मावशीला वाटलेला प्रचंड फरक दहा टक्क्यांवर आला. तोही फसवाच, कारण मोठ्या खड्याचा कॅरेटमागचा भाव मुळातच चढा असतो. पाच कॅरेटचा चांगला खडा अडीच कॅरेटच्या तशाच खड्याच्या दुप्पट किमतीला मिळत नाही, त्याहून महाग पडतो. म्हणून ३.१९ कॅरेटच्या खड्याचा भाव ४.८२ कॅरेटच्या खड्याशेजारी ठेवायचा, तर तो बराच कमी असायला हवा होता.

यासाठी माझं एकच सांगणं असतं. गुरुजी रत्तीत सांगोत, दुकानदाराशी मिलिग्रॅममध्ये किंवा कॅरेटमध्ये बोला आणि खडा अंगठीत बसवण्याआधी सुटा तोला. एकदा बसवला की त्याचं नेमकं वजन काढता येत नाही, अंगठीसकट जे भरेल ते.

आता 'सर्टिफाइड नैसर्गिक' या शब्दांकडे येते. त्या खड्याबरोबर एटीएम कार्डाएवढं एक कार्ड होतं. त्यावर 'नॅचरल कोरंडम' आणि 'यलो सफायर' असं लिहिलेलं होतं आणि ते खरंही होतं. कोरंडम म्हणजे पुष्कराज ज्याचा असतो ते खनिज. हा शब्द बघायलाच हवा, कारण शब्दकोशात पुष्कराज म्हणजे टोपाझ असंही सापडतं, आणि पुष्कराजाच्या नावाने टोपाझ किंवा सुनेला नावाचा पिवळा स्फटिक खपवण्याचे प्रकार होतात. कोरंडमचा वक्रीभवनांक १.७६ च्या आसपास असतो, टोपाझचा १.६१ ते १.६३ आणि सुनेल्याचा १.५४ ते १.५५. रिफ्रॅक्टोमीटरवर हा फरक दोन मिनिटांत कळतो. कारखान्यात बनवलेला पुष्कराजही कोरंडमच असतो, म्हणून त्याआधीचा 'नॅचरल' हा शब्दही हवा.

पण त्या कार्डावर 'ट्रीटमेंट' किंवा 'कॉमेंट्स'ची ओळच नव्हती. नैसर्गिक म्हणजे जमिनीतून निघालेला, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. जमिनीतून निघाल्यावर भट्टीत गेला की नाही, यावर कार्ड गप्प होतं, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ ग्राहक 'काही केलेलं नाही' असा लावतो. नीट रिपोर्टवर 'नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग' किंवा 'इंडिकेशन्स ऑफ हीटिंग' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. जीआयए किंवा जयपूरची आयआयजीजे-आरएलसी, म्हणजे पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी, अशा ठिकाणचा रिपोर्ट मागावा, त्याचा नंबर त्या लॅबच्या संकेतस्थळावर स्वतः घालून बघावा आणि रिपोर्टवरचं वजन व मापं हातातल्या खड्याशी जुळवावीत. आम्ही दुसऱ्या दुकानदाराला तसा रिपोर्ट करून द्यायला सांगितलं. खर्च मावशीने सोसला. उत्तर आलं: तापवलेला.

तापवणं ही काही लबाडी नाही. नीलवर्गातल्या खड्यांना भट्टीत तापवून रंग खुलवण्याची पद्धत जुनी आहे, तो रंग टिकाऊ असतो आणि नुसता दागिना म्हणून असा खडा उत्तम. पण न तापवलेल्याच्या मानाने तो स्वस्त असायला हवा, आणि बहुतेक ज्योतिषी न तापवलेलाच घ्यायला सांगतात. भिंगातून खूण बघायची ती सुयांची. न तापवलेल्या खड्यात रेशमासारख्या बारीक सुया एकमेकींना ६० अंशात छेदत असतात. भट्टीत त्या वितळतात, तुटून ठिपक्यांच्या रांगा होतात, आतल्या स्फटिकांभोवती चकतीसारख्या चिरा उठतात. दहापट भिंगाने मला ते निम्मंअधिक दिसतं, ग्राहकाला पहिल्यांदा बघताना दिसेलच असं नाही.

तिसऱ्या खड्याचं प्रकरण निराळं. तो दिसायला तिघांत सगळ्यात देखणा होता: एकसारखा सोनेरी, आत एक डाग नाही. बाजारात 'बँकॉक' म्हणतात तो असा माल बऱ्याचदा बेरिलियमबरोबर तापवलेला असतो. फिका, कमी किमतीचा कोरंडम बेरिलियमच्या सान्निध्यात फार वरच्या तापमानाला बराच काळ ठेवतात. बेरिलियमचा अणू इतका लहान की तो खड्यात आरपार शिरतो आणि पिवळा-नारिंगी रंग आणतो. २००१-०२ च्या सुमारास थायलंडमधून असा माल बाजारात आला, तेव्हा आधी प्रयोगशाळासुद्धा फसल्या. आजही साध्या सूक्ष्मदर्शकाने प्रत्येक वेळी निर्वाळा देता येत नाही, लेझरने कणभर भाग उडवून तपासणारं महागडं यंत्र लागतं. त्या दुकानदाराने मावशीला 'बँकॉक आहे, ट्रीटमेंटचा आहे' असं तोंडावर सांगितलं होतं आणि भावही तसाच लावला होता. त्याचं मला कौतुक वाटलं. हाच खडा सिलोनी म्हणून दहा हजार रुपये कॅरेटने विकला जातो, तेव्हा घात होतो. गडद रंग, निर्मळ पोट आणि बेताचा भाव एकत्र दिसले, की सावध व्हायचं.

पहिल्या खड्याचा रिपोर्ट चोख होता. तरी तो मी घ्यायला सांगितला नाही. टेबलावर पांढऱ्या कागदावर तो पालथा ठेवला, तेव्हा त्याचं पोट दिसलं, कंबरेखाली ढेरीसारखं सुटलेलं. सिलोनी खड्यांना वजन राखण्यासाठी अशी खोल घडण देतात. अंगठीत ते पोट सोन्याआड जातं, वरून कुणाला दिसत नाही, पण त्याचे पैसे कॅरेटच्या भावानेच द्यावे लागतात. शिवाय मधोमध 'खिडकी' होती, म्हणजे वरून बघितलं की कागदावरची अक्षरं आरपार वाचता येत होती. चांगल्या घडणीच्या खड्यात तिथून प्रकाश परत येतो, अक्षरं दिसत नाहीत.

मग मावशीला म्हटलं, गुरुजींना फोन कर आणि एवढंच विचार, सव्वापाच रत्ती म्हणजे किती मिलिग्रॅम? गुरुजी हसले आणि म्हणाले, आमच्या घरी गुंजेचाच हिशोब आहे, तीन कॅरेटच्या वर असला की झालं. पावणेपाच कॅरेटच्या शोधात मावशीने तीन दिवस घालवले होते. गुरुजींना सव्वातीनसुद्धा चालणार होता.

बजेट तीस हजारांचं होतं. त्यात आम्ही ३.३० कॅरेटचा सिलोनी, न तापवलेला खडा घेतला, ८,५०० रुपये कॅरेटने, २८,०५० रुपयांना. रंग फिका, लिंबाच्या सालीसारखा, आणि एका कडेला रेशमाचा पुसटसा पट्टा. पण घडण सपाट आणि नेटकी होती. पाच-सहा हजारच हातात असते, तर मी बँकॉकच्या वाटेला न जाता गुरुजींना उपरत्न विचारायला लावलं असतं आणि निर्मळ सुनेला घेतला असता. तो त्याच्याच नावाने आणि भावाने मिळतो, काही लपवावं लागत नाही. सुनेला कोरंडमपेक्षा बराच हलका, त्यामुळे तेवढ्याच वजनात तो मोठा दिसतो, एवढं लक्षात ठेवावं.

इतर रत्नांत प्रश्न वेगळे येतात. स्वस्त आणि मोठ्या माणकात शिशाची काच भरलेली असण्याची भीती असते. सोनाराच्या झाळीने, अगदी लिंबाच्या रसानेसुद्धा ती काच खराब होते. पाचूला तेल लावणं सर्वमान्य आहे, तिथे रिपोर्टवर तेल किती आणि राळ भरली आहे का, हे बघायचं.

बिलावर मावशीने लिहून घेतलं: नैसर्गिक पिवळा नील, ३.३० कॅरेट, न तापवलेला, रिपोर्ट नंबर अमुक, आणि रिपोर्ट चुकीचा ठरल्यास पूर्ण पैसे परत. अंगठी खालून उघडी ठेवायला सांगितली, म्हणजे पुढे कधी तपासायची वेळ आली तर खड्याची पाठ दिसेल. कारागिराकडे खडा देताना तिने पुन्हा एकदा काट्यावर ठेवला, ०.६६० चा फोटो काढला आणि दागिना होईपर्यंत समोरच्या बाकावर बसून राहिली.