बिबट्याची ओळख: वाटेवर एक कॅमेरा की दोन?

खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानातल्या वाटांवर बिबटे मोजायचे आहेत असं समजा. जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे ६. सहा ठिकाणी एकेक लावायचा, की तीनच ठिकाणी समोरासमोर जोडीनं?

एकेक लावला तर जास्त रान नजरेखाली येतं. पण प्रत्येक बिबट्या ओळखायचा तो ठिपक्यांवरून, आणि डाव्या कुशीवरचे ठिपके उजव्या कुशीवर तसेच नसतात. वाघाच्या पट्ट्यांचंही तेच. समजा, ४ वेगळ्या डाव्या कुशी आणि ३ वेगळ्या उजव्या मिळाल्या. मग बिबटे किमान ४, पण ७ सुद्धा असू शकतात. कुठली डावी कुठल्या उजवीची, हे फोटोंवरून जुळवता येत नाही.

जोडीत दोन्ही कुशी एकाच वेळी टिपल्या जातात, म्हणून पुढे एकच बाजू दिसली तरी जनावर ओळखता येतं. फक्त कॅमेरे अगदी नेमके समोर नकोत, थोडे मागेपुढे हवेत. नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा फोटो पांढरा करतो.

मोजणीसाठी मी जोडीच निवडेन, ठिकाणं कमी झाली तरी. या भागात बिबट्या फिरतो का, एवढंच बघायचं असेल तर एकेक कॅमेरा पुरतो.