पाना शोधत बसलो, निघालं माकड: मंकी आयलंडचे दोन्ही भाग, सात महिन्यांनंतर

आधीच सांगतो, खाली कोड्यांची उत्तरं आहेत. ज्यांना स्वतः डोकं फोडून घ्यायचंय त्यांनी इथंच थांबावं.

'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' (१९९०) आणि त्याचा दुसरा भाग (१९९१), या समुद्री चाच्यांच्या कॉम्प्युटर गेमच्या दोन्ही भागांच्या नव्या रंगरूपातल्या आवृत्त्या सेलमध्ये घेतल्या. यात वस्तू गोळा करून पिशवीत ठेवायच्या आणि योग्य जागी वापरून कोडी सोडवायची. रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास, तोही करंट असेल तर. लिहायला बसायचं कारण एकच, दुसऱ्या भागातला धबधबा. तिथं मी अकरा दिवस अडकलो आणि शेवटी हिंटचं बटण दाबलं. उत्तर बघून इतका संताप आला की लॅपटॉप मिटून सरळ झोपलो.

फॅट बेटावर धबधब्याच्या वर एक पंप आहे. तो बंद केला की पाणी थांबतं आणि मागचा बोगदा उघडतो. फिरवायला काहीतरी हवं, हे दिसतंच. मी बेळगावच्या उद्यमबागेत फिटर आहे. रिंग पाना, पाईप पाना, सरकता पाना, सगळं हातातलं. त्यामुळे तीन बेटं पाना शोधत पालथी घातली. उत्तर काय, तर स्कॅब बेटावरच्या दारूच्या गुत्त्यात पियानो वाजवणारं माकड. ताल देणाऱ्या मेट्रोनोमवर केळं ठेवायचं, माकड त्याच्याकडे बघत थिजतं, मग ते उचलून खिशात घालायचं आणि पंपावर वापरायचं. का? तर अमेरिकेत एका पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात. आमच्याकडं मराठी फिटर असो नाहीतर कानडी, मागताना 'पाना' एवढंच म्हणतो. बावीस वर्षं पाने फिरवणारा माणूस पान्याच्याच कोड्यात अडकला!

माझा भाचा रोज विचारायचा, "मामा, अजून त्या धबधब्यापाशीच काय?"

चीड कोडं अवघड होतं म्हणून नाही आली. पहिल्या भागातली रबरी कोंबडी आठवा, जिच्या मध्यभागी कप्पी आहे. दिसायला तद्दन मूर्खपणा. पण कप्पी हे तिच्या नावातच आहे, आणि पुढं दोन टोकांना बांधलेली तार दिसली की हात आपोआप पिशवीकडे जातो. सर्कशीतलं तर त्याहून सरळ. तोफेतून उडायचं काम देण्याआधी सर्कसवाले भाऊ विचारतात, हेल्मेट आहे का? झालं, संवादानं गरज सांगितली. त्या भागातल्या गुत्त्याच्या स्वयंपाकघरातलं पातेलं डोक्यावर घालायचं, उडायचं आणि ४७८ नाणी घ्यायची. पुलावरच्या राक्षसाचं कोडंही इंग्रजी म्हणीवरच आहे. त्याला 'रेड हेरिंग' म्हणजे लक्ष वेधणारी पण बिनकामाची वस्तू हवी असते, आणि तो मासा निघतो. म्हण माहीत नसली तरी तो काय हवं ते तोंडानं सांगतो, आणि तेव्हा हातात वस्तूही मोजक्याच असतात. एकेक देऊन बघता येते.

धबधब्याशी तसं बोलणारं कुणी नाही. पिशवीत वीस वस्तू झाल्या की नुसत्या एकमेकींशी लावायच्या म्हटलं तरी १९० जोड्या होतात. आणि जोडी चुकली की 'हे जमत नाही' छाप उत्तर. जवळ आलोय की लांब, काही पत्ता लागत नाही. मग माणूस विचार सोडतो आणि नुसता घासत सुटतो.

आता मत बदललं ते सांगतो. पहिल्या महिन्यात मी संवाद भराभर पुढं ढकलायचो. वाटायचं, बडबड आहे, खरं काम पिशवीत. तलवारबाजीनं ती खोड मोडली. तिथं तलवार नावालाच, जिंकायचं टोमण्यांनी. रस्त्यात भेटलेला समुद्री चाचा टोमणा मारतो. चोख उत्तर माहीत नसेल तर तुमच्यासमोर बावळट उत्तरंच येतात आणि तुम्ही हरता. पण हरताना त्याचा टोमणा पाठ होतो. तो पुढच्या चाच्यावर मारायचा, त्यानं चोख उत्तर दिलं की तेही आपलं. म्हणजे उत्तरं हीच वस्तू, आणि ती हरूनच गोळा होतात. इथं घासत बसलं तरी काही ना काही हाती लागतंच.

खरी कमाल शेवटी. रस्त्यावर कुणी 'गवळ्यासारखा लढतोस' म्हणालं की उत्तर असतं, 'शोभतंय, तू गायीसारखा लढतोस.' तलवारीची उस्ताद कार्ला मात्र वेगळेच टोमणे मारते. ती म्हणते, तुझ्या अंगातलं रक्त थेंब थेंब दोहून काढीन. पाठ केलेलं इथं चालत नाही, जुन्या उत्तरांतून शोधून गायच पुढं करावी लागते. हे मला कुणाला न विचारता सुटलं, कारण दोहणं म्हटलं की गाय, हे खानापुरातही तेच. उलट आपल्याकडं 'धार' तलवारीलाही असते आणि गायीचीही काढतात, म्हणजे मराठीत ते जास्तच रंगलं असतं. माकडाचं तसं नाही. तिथं सगळं एका हत्याराच्या नावावर टांगलेलं. नाव माहीत नसलं की खाली काहीच उरत नाही.

पैसे वसूल झाले का? पहिल्या भागाचे दुप्पट. तो पूर्ण किमतीलाही घ्या, संवाद मात्र पुढं ढकलू नका. दुसरा मोठा आहे, देखणा आहे, पण सेलमध्येच घ्या आणि धबधब्यापाशी तासाभरात सुटलं नाही तर लाज न बाळगता हिंट बघा. पहिल्याला पाचपैकी पाच. दुसऱ्याला साडेतीन. एक स्टार त्या माकडाचा कापलाय, उरलेला अर्धा माझ्या अकरा रात्रींचा.