जुन्या गाडीच्या टेपला फोन जोडताना: ऑक्सची वायर की एफएम ट्रान्समीटर?

माझी गाडी २०१० सालची आहे आणि तिचा टेपही त्याच वर्षाचा. सीडी आणि रेडिओ एवढेच त्याला येते, ब्लूटूथ नाही. नवा टेप बसवावा असे अनेकांनी सुचवले. परंतु मूळचा टेप उत्तम वाजत असताना आणि त्याची चौकट डॅशबोर्डला नेमकी जुळलेली असताना ती मोडतोड करायला मन घेईना. म्हणून आधी दोन वर्षे एफएम ट्रान्समीटर वापरला आणि नंतर ऑक्सच्या वायरीवर आलो. ज्यांना या दोहोंतून एक निवडायचे आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव मांडतो आहे. माझ्याजवळ मोजमापाची उपकरणे नाहीत; आठवड्यातून एकदा जळगावहून धुळ्याला जाणे-येणे आणि दोन कान, एवढेच भांडवल आहे.

ट्रान्समीटरपासून सुरुवात करतो, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. लायटरच्या सॉकेटमध्ये तो खोचायचा, फोन त्याला ब्लूटूथने जोडायचा, दोन्हीकडे एकच फ्रिक्वेन्सी लावायची आणि गाडी सुरू करायची. कोणतीही वायर नाही, टेप उघडणे नाही, शिवाय त्याच्याच बाजूच्या भोकातून फोन चार्ज होतो. पहिले आठ दिवस मी त्याच्यावर अतिशय खूश होतो. आवाजाची वरची धार थोडी बोथट होते खरी. पण मी प्रवासात बहुधा कीर्तने आणि व्याख्याने ऐकतो, त्यामुळे ती उणीव मला फारशी जाणवली नाही. फोनचा आवाज पूर्ण वर नेला की तो फाटतो, म्हणून फोन पाऊणपट ठेवून उरलेले काम टेपच्या बटणावर सोपवावे, हे मात्र लवकरच कळले.

अडचण आली ती रस्त्यावर. एफएम रेडिओची रीत अशी आहे की एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन लहरी आल्या तर तो दोन्ही मिसळून ऐकवत नाही. जी जोरकस असेल तिला धरतो आणि दुसरीला दाबून टाकतो. ट्रान्समीटरची ताकद जाणूनबुजून अगदी थोडी ठेवलेली असते, आणि गाडीची अँटेना तर छतावर, पत्र्याच्या बाहेर, दूरचे स्टेशन पकडण्यासाठीच बसवलेली असते. त्यामुळे जळगावात जी फ्रिक्वेन्सी मोकळी सापडते, ती धुळे जवळ येईपर्यंत मोकळी राहीलच असे नाही. माझ्या गाडीत एरंडोलपर्यंत सारे सुरळीत चाले. पारोळा मागे पडले की वाक्यांच्या मधल्या विरामात खरखर येऊ लागे आणि पुढे एखाद्या चढावर पोहोचताच कीर्तनकाराच्या जागी अचानक साबणाची जाहिरात वाजे. उतारावर पुन्हा कीर्तन. दोन्ही लहरी तुल्यबळ झाल्या की रेडिओ असा या काठावरून त्या काठावर उड्या मारतो. एकदा पारोळ्याची माझी मावशी सोबत होती, अभंगाच्या ऐन निरूपणात एक निवेदक घुसला तेव्हा तिने मागच्या सीटवरून विचारले, "मझारमा हाऊ कोन बोली ऱ्हायना रे?" तिला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही.

त्यावरचा उपाय म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलणे, आणि माझ्या लेखी निर्णय इथेच झाला. बदल दोन ठिकाणी करावा लागतो: आधी टेपवर हाताने एकेक पायरी सरकत मोकळी जागा शोधायची, मग तोच आकडा ट्रान्समीटरवर आणायचा. नुसती जागा मोकळी असून भागत नाही. तिच्या अलीकडे-पलीकडे ०.२ मेगाहर्ट्झवरही कोणी बोलत नसावे, नाहीतर शेजारचे जोरकस स्टेशन कडेने झिरपते. घराच्या अंगणात उभ्या गाडीत हे काम दोन मिनिटांचे आहे. पुढे उसाचा ट्रक, मागे लक्झरी बस आणि हाती ताशी ७० किलोमीटरची गाडी असताना ते करू नये, आणि मी दोन वर्षे नेमके तेच करत होतो. गाडी बाजूला घेऊन करावे म्हटले तर ९० किलोमीटरच्या प्रवासात दोनदा थांबणे आले.

छतावरची अँटेना काढून ठेवण्याची युक्तीही मी करून पाहिली. तिची काडी आटे फिरवून निघते. ती काढली की बाहेरची स्टेशने दुबळी होतात आणि आतला ट्रान्समीटर त्यांच्यावर मात करतो. पारोळ्यापुढचा त्रास निम्म्याहून कमी झाला. मात्र सकाळच्या आकाशवाणीच्या बातम्याही त्याबरोबर गेल्या, आणि दर खेपेला काडी लावणे-काढणे हा नवा उद्योग मागे लागला.

शेवटचा धक्का टोलनाक्यावर बसला. रांगेत शेजारी उभ्या असलेल्या पिकअपमधली लग्नाची गाणी स्वच्छपणे माझ्या टेपवर वाजू लागली. त्याचा ट्रान्समीटर योगायोगाने माझ्याच फ्रिक्वेन्सीवर होता. त्याची मौज वाटली, पण लगेच दुसरा विचार आला. ब्लूटूथवरून आलेला फोनही मी याच मार्गाने ऐकत होतो, म्हणजे समोरचा माणूस जे बोलत होता ते शेजारच्या गाडीलाही ऐकू जाणे शक्य होते. त्या दिवसापासून गाडीत घरगुती व्यवहाराची बोलणी मी बंद केली आणि पुढच्याच रविवारी टेपवाल्याकडे गेलो.

माझ्या टेपला समोर ऑक्सचे भोक नाही, म्हणून तो मार्ग आपल्यासाठी नाही असे मी इतकी वर्षे समजत होतो. कारागिराने बाजूच्या पट्ट्या सरकवून टेप बाहेर ओढला आणि मागची बाजू दाखवली, तेव्हा तिथे लाल आणि पांढरी अशी दोन गोल आरसीए सॉकेट धूळ खात बसलेली होती. एका टोकाला लाल-पांढऱ्या पिना आणि दुसऱ्या टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन अशी वायर त्याने जोडली, ती डॅशबोर्डच्या खणातून बाहेर काढली आणि पाव तासात टेप पुन्हा जागेवर बसवला. सगळ्याच टेपना मागे अशी सोय असते असे नाही. काही टेपना तिथे फक्त सीडी चेंजरचा चौकोनी जोड असतो, आणि त्याला लागणारा जोडतुकडा मॉडेलप्रमाणे मागवावा लागतो. म्हणून ट्रान्समीटर विकत घेण्यापूर्वी टेप एकदा काढून पाहावा, असे मी सुचवेन.

ऑक्सच्या आवाजाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पहिल्याच दिवशी टाळांचा नाद आणि पखवाजाची थाप निराळी ऐकू आली आणि विरामात खरोखरीची शांतता आली. पण हा मार्गही बिनत्रासाचा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

माझ्या फोनला गोल जॅक नाही. टाइप-सीमधून आवाज काढण्यासाठी छोटा डोंगल लागतो, आणि सर्वांत स्वस्त डोंगल मी घेतला तेव्हा त्यातून काहीच ऐकू येईना. त्या डोंगलमध्ये नुसत्या तारा होत्या. ज्या फोनमधून आवाज आयता बाहेर येतो त्यांनाच तो चालतो. ज्याच्या आत अंकांचा आवाज करणारी चिप, म्हणजे डॅक, असते तो डोंगल घेतला की बहुतेक फोनवर काम होते. फोन चार्जही करायचा असेल तर दोन तोंडांचा डोंगल हवा.

आणि चार्जिंग सुरू होताच शिट्टी आली. बारीक, कुईं अशी, आणि ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढे, सोडला की उतरे. याचे कारण असे, की चार्जरचा अर्थ, म्हणजे अर्थिंगची जोडणी, लायटरच्या सॉकेटशी असते आणि टेपचा अर्थ दुसऱ्या ठिकाणी चॅसिसला. दोन्हींच्या पातळीत किंचित फरक असतो. फोन एकीकडे चार्जरला आणि दुसरीकडे ऑक्सला जोडला की वायरीच्या बाहेरच्या जाळीतून त्या दोन अर्थांचे वर्तुळ पुरे होते, आणि अल्टरनेटरची कुरकुर त्यातून वाहत थेट स्पीकरपर्यंत येते. खात्री करणे सोपे आहे: चार्जरची पिन उपसावी. शिट्टी तत्क्षणी थांबली तर दोष या वर्तुळाचाच. फोन पूर्ण काढूनही ती राहिली तर टेपचा स्वतःचा अर्थ तपासून घ्यावा लागेल.

यावर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची काडेपेटीएवढी डबी मिळते. तिच्या आत प्रत्येक बाजूसाठी एक असे दोन इवलेसे ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज चुंबकत्वाने पलीकडे जातो, तारेने तार मात्र जुळत नाही, म्हणून वर्तुळ तुटते. तिला वीज लागत नाही. ऑक्सच्या वायरीत ती मध्ये लावली आणि शिट्टी गेली. ढोलाचा अगदी खालचा घुमारा जरा कमी झाल्यासारखा वाटतो, कदाचित तो माझ्या मनाचा खेळही असेल. घाई असेल तर पॉवर बँकेवर फोन चार्ज करूनही तोच परिणाम साधतो.

वायर टाळण्यासाठी ऑक्समध्ये खोचायचा बॅटरीवाला ब्लूटूथ रिसीव्हरही मी घेऊन पाहिला. तो छान चालला, पण मे महिन्यात भुसावळला गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली आणि संध्याकाळी त्याचे पोट फुगलेले दिसले. आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. बंद गाडीतली हवा त्याहून कितीतरी तापते, आणि लिथियमच्या बॅटरीला ते सोसत नाही. या बाबतीत बिनबॅटरीचा ट्रान्समीटर निश्चितच सरस आहे. मी मात्र वायरीवरच परतलो.

वायरीची एक खोडी ध्यानात ठेवावी. पिन अर्धवट बसली किंवा आतली अर्थची तार तुटली, की वाद्ये दूरवरून वाजल्यासारखी येतात आणि गायक गायब होतो. दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज एकमेकांना खोडून काढतो. जुनी मोनो कीर्तने तर जवळजवळ मुकीच होतात. अशा वेळी टेपला दोष देऊ नये, पिन दाबून पाहावी. मी पाच महिन्यांतून एकदा वायर बदलतो.

माझा ट्रान्समीटर आता शहाद्याच्या भाच्याकडे आहे. त्याच्या गाडीचा टेप उघडून पाहिला, तर मागे ना ऑक्स, ना चेंजरचा जोड. तो रोज धडगावकडे सातपुड्यात चढतो, तिथे रेडिओवर सगळीकडे नुसती खरखर असते, आणि मागच्या दिवाळीत लावलेली फ्रिक्वेन्सी त्याने अजून बदललेली नाही.