तेहतीस मण्यांची माळ

बाळ पाच महिन्यांचं. लाळेरं तासाला बदलायचं, रात्री हिरड्या शिवशिवल्या की रडारड. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता, म्हणून दात येतानाचा त्रास थांबवते म्हणून विकतात ती अंबरची, म्हणजे झाडाच्या राळेचा दगडासारखा खडा बनतो त्याच्या मण्यांची, माळ मी घेतली. तेवढ्या पैशांत सहा साध्या रबरी रिंगा आल्या असत्या!

विकणारीचं म्हणणं, अंगाच्या उबेने मण्यांतून सक्सिनिक आम्ल झिरपतं आणि ठणका थांबतो. "चावायला द्यायची गरजच नाही ताई, नुसती गळ्यात असू द्या." इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. हिरडीला आराम पडतो तो बाळ काहीतरी दाबून चावतं तेव्हा, किंवा गार लागलं की. गळ्यातली माळ हिरडीला काय करणार? शिवाय अंबर वितळायला 200 अंशांच्या वर तापमान लागतं आणि बाळाचं अंग 37. मी शाळेत विज्ञान शिकवते, हे लिहितानाही लाज वाटते.

"प्रत्येक मण्यामागे गाठ आहे, दोरा तुटला तरी एकच मणी सुटेल," असंही तिने सांगितलं होतं. नवव्या दिवशी दोरा तुटला. मणी 33 होते, मी मोजले ते 31. एक चादरीच्या घडीत सापडला. दुसरा बाळाच्या गालात होता, बोट घालून काढला. बाळ जागं होतं आणि मी शेजारी होते, म्हणून निभावलं. झोपेत तीच माळ गळ्याला आवळते. अमेरिकेत 18 महिन्यांचं मूल असंच गेलं, तिथल्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये इशारा दिला. मी तो नंतर वाचला.

रागाने मणी मिठाच्या दाट पाण्यात टाकले. खरा अंबर तरंगतो. तेहतीसच्या तेहतीस बुडाले. (खरे असते तरी उपयोग शून्यच!)

तक्रार कक्षाला चार फोन केले. पहिल्याने विचारलं, "बाळाला इजा झाली का?" नाही म्हटल्यावर, "मग तक्रार कशाची?" दुसऱ्याने पावती मागितली, तिसऱ्याने म्हटलं हे दागिन्यांत मोडतं, खेळण्यांत नाही. चौथा फोन वाजत राहिला. म्हणजे मणी घशात अडकला असता तर अर्ज घेतला असता!

आता घरात एकसंध सिलिकॉनची एकच रिंग आहे. जोड नाही, मणी नाही, आत पाणी नाही. पाण्याच्या रिंगा फुटतात. ती फ्रिजमध्ये ठेवते, फ्रीझरमध्ये नाही, कारण गोठलेल्या कडक रिंगने हिरडी दुखावते. रिंग नसली तर स्वच्छ ओलं फडकं गार करून देते, पण हातातून सोडत नाही. सासूबाई किल्ल्यांचा जुडगा द्यायच्या, तोही बंद केला. पितळी किल्ल्यांत शिसं असू शकतं. आणि रिमोट? त्यातली बटण बॅटरी गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजते.

त्या विकणारीने मला ब्लॉक केलंय. माळ अजून विकतेय, आता "दुहेरी गाठ" म्हणून.